श्रावणात गल्ल्यात किती उरतं?

फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी एक जोडपं माझ्याकडे शंभर पानी वही घेऊन आलं. माझा धंदा हिशेब लिहिण्याचा, त्यामुळे अशा वह्या मला नव्या नाहीत. तो बारा वर्षं हॉटेलांत काम केलेला, त्यातली शेवटची पाच कॅप्टन म्हणून. ती एका पतसंस्थेत कॅशियर. पुण्याच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात त्यांनी पाचशे चौरस फुटांचा गाळा पाहून ठेवला होता. तिथे सात टेबलं टाकून मटण थाळीची खानावळ काढायची आणि अक्षय्य तृतीयेला नारळ फोडायचा, असं ठरलं होतं.

वहीच्या पहिल्या पानावर खर्चाची यादी होती आणि तळाशी दोन रेघा मारून लिहिलं होतं: १२ लाख ४० हजार. हातात त्यांचे १० लाख होते आणि बँक ८ लाख द्यायला तयार होती, म्हणजे सगळे मिळून १८ लाख.

“साडेपाच लाख उरतात काका,” तो म्हणाला. “एसी बसवून टाकावा का?”

यादी वाईट नव्हती. धंद्यात मुरलेल्या माणसाची होती. गाळ्याचं डिपॉझिट, दलाली आणि करारनोंदणी यांचे २ लाख ९० हजार. फरशी, नळ, मोरी, ड्रेनेज, वायरिंग, विजेचा वाढीव लोड आणि गॅसची लाइन यांना ३ लाख ४० हजार. शेगड्या, स्टीलची टेबलं, डीप फ्रीजर, धुराडं, भांडी, टेबल-खुर्च्या, बोर्ड आणि बिलाचं मशीन असं सगळं ५ लाख ८० हजारांत. परवाने आणि सल्लागाराची फी ३० हजार.

मी फक्त कोटेशनं मागितली. प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी एक्स्ट्रा’ होतं. इतर दुकानदार खरेदीवर भरलेला कर पुढे विक्रीच्या करातून वळता करून घेतो. साध्या रेस्टॉरंटला ती सोय नाही. ते गिऱ्हाइकाकडून ५ टक्के घेतं, पण त्याला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. नोव्हेंबर २०१७पासून हा नियम आहे. म्हणजे फ्रीजरवर भरलेला १८ टक्के कर ही फ्रीजरचीच किंमत. काही वस्तूंवर कर कमी होता, तरी सगळा धरून ७० हजार वाढले आणि १२ लाख ४० हजारांचे १३ लाख १० हजार झाले.

मग धुराडं. वहीत त्याला ४५ हजार लिहिले होते. “पाइप कुठवर न्यायचा?” मी विचारलं. मागच्या भिंतीतून बाहेर, असं त्याचं म्हणणं. वर तीन मजल्यांवर लोक राहतात, त्यांच्या खिडकीत मटणाच्या फोडणीचा धूर सोडून खानावळ फार दिवस चालत नाही. पाइप गच्चीच्या वर न्यावा लागणार आणि त्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी लागणार. माझ्या पाहण्यात लहान हॉटेलांची उद्घाटनं जितकी या पाइपाने लांबवली, तितकी परवान्यांनी नाही. डिपॉझिटचा भाग सोडून उरलेल्या खर्चावर मी दहा टक्के, म्हणजे एक लाख, ‘न सुचलेल्या गोष्टी’ म्हणून जादा धरायला लावले. त्यातले बरेचसे पाइपातच जाणार होते.

वहीत नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे उघडण्याआधीचे दिवस. गाळ्याचं भाडं ताबा घेतल्या दिवसापासून सुरू होतं, पहिली थाळी विकल्या दिवसापासून नाही. काम दोन महिने चालेल असं धरलं तर ४० हजारांप्रमाणे ८० हजार रुपये भाडं. आचारी आणि वाढपी पंधरा दिवस आधी बोलवावे लागतात, त्यांचे ५० हजार. पहिला किराणा आणि चवीच्या चाचण्यांचे ६० हजार. हे झाले १ लाख ९० हजार.

१३ लाख १० हजार, वर १ लाख, वर १ लाख ९० हजार. दार उघडेपर्यंत १६ लाख संपले. वहीतले साडेपाच लाख दोनवर आले आणि एसीचा विषय तिथेच मिटला.

आता हे दोन लाख पुरतील का, हा खरा प्रश्न. खेळतं भांडवल म्हणजे काय, हे पुस्तकात वाचलं तर हॉटेलवाल्याला ते लागतच नाही असं वाटेल. माल भरायचा, तो विकेपर्यंत थांबायचं, गिऱ्हाइकाची उधारी वसूल होईपर्यंत आणखी थांबायचं, या थांबण्याचा खर्च म्हणजे खेळतं भांडवल. खानावळीत सकाळी आणलेलं मटण रात्रीपर्यंत विकलं जातं, गिऱ्हाईक हात धुतल्यावर पैसे देतं आणि किराणावाला उलट महिनाभर थांबतो. मालात पैसा अडकतच नाही. अडकतो तो रिकाम्या खुर्च्यांत. हॉटेलची ओळख होईपर्यंत रोज जी तूट येते, ती भरायला जे पैसे लागतात ते लहान हॉटेलचं खेळतं भांडवल. ते किती, हे ठरवायचं तर रोज किती माणसं जेवतील याचा अंदाज लागतो.

त्याचा अंदाज होता रोज दीडशे. हिशेब असा, की २८ खुर्च्या, दुपारी तीन पंगती आणि रात्री तीन पंगती म्हणजे १६८, त्यातून थोडे कमी.

“चौघांच्या टेबलावर दोघं बसले तर उरलेल्या दोन खुर्च्यांवर अनोळखी माणूस बसवता का?” त्याच्या बायकोने त्यालाच विचारलं. बसवत नाहीत. जोडपी आणि तिघं-तिघं धरली तर २८ खुर्च्या भरल्या तरी माणसं १९-२० असतात. थाळी जेवायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात आणि दुपारची गर्दी साडेबारा ते अडीच. म्हणजे अडीच पंगती, फार तर ४८ माणसं, आणि रात्री तेवढीच. फुल चाललेल्या दिवशीही शंभराच्या आतच. महिन्याची सरासरी ८० आली तर हॉटेल जोरात चाललं असं समजायचं.

मी त्या दोघांना एक काम दिलं. त्याच रस्त्यावर तशाच एका खानावळीसमोर चहाची टपरी होती. तिथे मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी बसून आत जाणारी डोकी मोजायची. चार वर्षं जुन्या त्या हॉटेलात त्यांना मंगळवारी ५८, शुक्रवारी ८१ आणि रविवारी १२०च्या वर मोजता आली. नव्या हॉटेलात पहिल्या महिन्यात याच्या निम्मी माणसं आली तरी चांगलं म्हणायचं.

मग एका थाळीचा हिशेब. मटण ८०० रुपये किलो धरलं. किलोत साडेसहा थाळ्या निघतात, म्हणजे थाळीत सव्वाशे रुपयांच्या आतबाहेरचं मटण. भाकरी, तांबडा-पांढरा रस्सा, भात आणि सोलकढी यांना ३५ रुपये. रस्सा मागेल तितका द्यायचा असतो, त्यामुळे हा आकडा ताणतो. विक्री ३५० रुपये. चिकन थाळीला ७५ रुपये खर्च आणि २२० विक्री, शाकाहारी थाळीला ५० खर्च आणि १५० विक्री. चौघांत एक जण मटण खाईल, साधारण दोघं चिकन आणि एखादा शाकाहारी, असं धरलं तर माणशी बिल २३० रुपयांच्या आसपास येतं. जीएसटी त्याहून वेगळा. नासधूस धरून शंभर रुपयांच्या विक्रीत ४० रुपये अन्नाचे, ४ गॅसचे आणि २ पार्सलच्या डब्यांचे वगैरे. हातात राहतात ५४.

या चोपन्नांतून जे भागवायचं ते माणसं आली काय, न आली काय, सारखंच असतं. भाडं ४० हजार. आचारी, मदतनीस, भाकरीच्या मावशी, दोन वाढपी आणि भांडीवाला यांचे पगार मिळून एक लाख. कामगारांचं खाणं-राहणं १२ हजार, वीज १५ हजार, पाणी, दुरुस्ती आणि बाकीचं किडूकमिडूक १३ हजार. एकूण १ लाख ८० हजार. सोमवारी बंद ठेवून महिन्याचे २६ दिवस धरले, तर एवढं निघायला रोज ५६ माणसं जेवायला हवीत.

पण छप्पन्न माणसांत फक्त हॉटेलचं भागतं. आठ लाखांच्या कर्जाचा ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १७ हजार ४०० रुपये, आणि घरखर्चाला त्यांनी अगदी हात आखडून २५ हजार धरले होते. हे मिळवलं की महिन्याचा खर्च २ लाख २२ हजारांवर जातो आणि माणसं लागतात ६९. बँकेसाठी तयार केलेल्या अहवालांत घरखर्च बहुधा नसतो. मालक नफ्यावर जगतो, असं तिथे गृहीत धरलेलं असतं. पहिल्या वर्षी नफा नसेल तर मालकाने काय खायचं, हे कुणी लिहीत नाही, आणि मग तो गल्ल्यातून काढून खातो.

एवढं झाल्यावर पुढचा तक्ता सोपा होता. काम लांबणार हे दिसतच होतं, म्हणून उद्घाटन एप्रिलऐवजी जूनमध्ये धरलं. बायकोने वहीचं नवं पान काढलं, आडव्या रेघा मारल्या आणि बारा महिने लिहिले. रोजची माणसं आम्ही तिघांनी वाद घालून ठरवली. आकडे हजार रुपयांत आहेत.

| महिना | रोजची माणसं | महिन्याची शिल्लक किंवा तूट | तिथवरची बेरीज |
|---|---|---|---|
| जून | ४० | −९३ | −९३ |
| जुलै | ५२ | −५५ | −१४८ |
| ऑगस्ट | ३० | −१२५ | −२७३ |
| सप्टेंबर | ३८ | −१०० | −३७३ |
| ऑक्टोबर | ४५ | −७७ | −४५० |
| नोव्हेंबर | ६० | −२९ | −४७९ |
| डिसेंबर | ७८ | +३० | −४४९ |
| जानेवारी | ८० | +३६ | −४१३ |
| फेब्रुवारी | ७८ | +२९ | −३८४ |
| मार्च | ७५ | +२० | −३६४ |
| एप्रिल | ७४ | +१७ | −३४७ |
| मे | ७२ | +१० | −३३७ |

कोणत्याही महिन्याची ओळ घेऊन हा हिशेब पडताळता येतो. जूनमध्ये रोज ४० माणसं, २६ दिवस, माणशी २३० म्हणजे विक्री २ लाख ३९ हजार. तिचे ५४ टक्के १ लाख २९ हजार. त्यातून २ लाख २२ हजार वजा केले की ९३ हजारांची तूट.

मटणवाल्याचं वर्ष कसं असतं ते या तक्त्यात दिसतं. जुलैत आखाड असतो, श्रावण लागण्याआधी लोक खाऊन घेतात. मग श्रावण येतो आणि मांसाहारी हॉटेलं ओस पडतात. तो सरतो न सरतो तोच गणपती, मागून पितृपक्ष आणि नवरात्र. तिथीप्रमाणे दिवस मागेपुढे होतात, अधिक महिना आला तर बरेच सरकतात, पण पावसाळ्याच्या उत्तरार्धातले दोन-अडीच महिने कमी खपाचे हे ठरलेलं. जुन्या हॉटेलाला हे सवयीचं असतं. जूनमध्ये उघडलेल्याला मात्र ओळख होण्याच्या वयातच उपास पडतो.

तक्त्यातला शेवटचा रकाना तिने दोनदा वाचला. एका महिन्याची सर्वात मोठी तूट ऑगस्टची, सव्वा लाखाची. पण खेळतं भांडवल त्यावरून ठरत नाही. बेरीज जिथे सर्वात खोल जाते तो आकडा पाहायचा, आणि तो इथे नोव्हेंबरमध्ये आहे: ४ लाख ७९ हजार. दिवाळीचा बोनस यात नाही, फ्रीजरचा कॉम्प्रेसर उडाला तर त्याचा खर्च नाही. म्हणून वर लाख-सव्वालाखाची गादी धरून सहा लाख हवेत. उभारणीचे १६ आणि हे ६ मिळून २२ लाख. त्यांच्याकडे १८ होते.

तिने बोटावर हिशेब केला. “जुलैअखेर दीड लाख गेले, म्हणजे बावन्न हजार उरले. ऑगस्टमध्ये रोजचे चार हजार जातात. म्हणजे बारा-तेरा ऑगस्टला संपले.”

कागदावर बारा-तेरा ऑगस्टला. प्रत्यक्षात पैसे संपलेत हे कळायला आणखी महिना लागतो, आणि तेच जास्त धोक्याचं. आमचा तक्ता सगळा खर्च रोखीने धरून मांडला होता. खऱ्या आयुष्यात अन्नाच्या खर्चातला निम्मा माल, म्हणजे तांदूळ, तेल, मसाले, महिन्याच्या खात्यावर येतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात गल्ला भरलेला दिसतो. त्यातले ४८ हजार किराणावाल्याचे असतात आणि १२ हजार जीएसटीचे, पण नोटांवर तसं लिहिलेलं नसतं. मालकाला वाटतं, अंदाजापेक्षा बरं चाललंय, आणि तो आणखी एक वाढपी ठेवतो.

विक्री वाढत असते तोवर हे खपून जातं, कारण मागच्या महिन्याचं लहान बिल या महिन्याच्या मोठ्या गल्ल्यातून भागतं. विक्री घटली की उलटं होतं. जुलैच्या आखाडात ५२ माणसांच्या हिशेबाने भरलेला ६२ हजारांचा किराणा आणि साडेपंधरा हजारांचा जीएसटी ऑगस्टमध्ये द्यायचा असतो, आणि ऑगस्टमध्ये जेवायला ३० माणसं. सगळी विक्रीच १ लाख ७९ हजारांची, त्यातले ७७ हजार जुन्या महिन्याचे. मग पगार दोन हप्त्यांत होतात, आचारी कंटाळून जातो, नवा येईपर्यंत चव बदलते. पैसे कमी पडल्याचं गिऱ्हाइकाला असं रश्श्यातून कळतं.

मालकाला ते आधी कळावं म्हणून मी एकच खूण सांगतो. दर शनिवारी रात्री गल्ला आणि बँक मिळून जी रक्कम असेल, तीतून त्या दिवसापर्यंतची उधारी, गोळा केलेला जीएसटी आणि चढलेले पगार वजा करायचे. जे उरेल ते आपलं. घरपोच डिलिव्हरीवरून येणे असलेली रक्कम मिळवायची असेल तर कमिशन कापून मिळवायची. हा आकडा सलग चार शनिवार तक्त्याच्या रेषेखाली गेला, तर अंदाज चुकलाय. तेव्हाच, हातात काही असताना, काहीतरी कापायचं.

तक्त्याची आणखी एक बाजू त्याने दाखवली, मी नाही. त्याने वर्षभराच्या माणसांची सरासरी काढली, ती ६० आली. “मग छप्पन्नच्या वरच आहे की!” खरं होतं. भाडं, पगार, माल सगळं वजा जाऊन हॉटेलने वर्षात १ लाख ७१ हजार कमावले होते. पण घरखर्चाला ३ लाख आणि बँकेला २ लाख ९ हजार गेले, म्हणून शेवटी ३ लाख ३७ हजारांचा खड्डा उरला. हॉटेल चालतं आणि तरी मालक बुडतो, हे असं.

चार लाख कमी पडतात, तर काय करायचं? त्याचं पहिलं उत्तर होतं कर्ज वाढवणं. मुद्रा योजनेत ५ ते १० लाखांचा ‘तरुण’ नावाचा गट आहे, त्यात १० लाख बसले असते. पण दोन लाख वाढवले की हप्ता महिन्याला ४ हजार ३०० रुपयांनी वाढतो आणि ते फेडायला रोज आणखी एक-दीड माणूस जेवायला लागतो. त्यापेक्षा सुरुवातीचे सहा महिने फक्त व्याज भरायची सवलत मागणं बरं. १७ हजार ४००च्या जागी ७ हजार ३०० जातात आणि खड्ड्याचा तळ ६० हजारांनी वर येतो. बँका ही सवलत देतात, पण ती मंजुरीच्या आधी मागावी लागते.

मोठा फरक मात्र पैशाने नाही, तारखेने पडला. तिने विचारलं, “हेच हॉटेल डिसेंबरात उघडलं तर?” आम्ही तोच तक्ता डिसेंबरपासून मांडला. थंडीत लोक बाहेर जेवतात, सुट्ट्या असतात, म्हणून सुरुवात ४५ माणसांनी आणि मग ५८, ६८, ७२ अशी धरली. मेपर्यंत हॉटेलची ओळख झालेली, आखाडात ७८, आणि श्रावणात तीसऐवजी ५०, कारण आता शाकाहारी थाळीसाठी का होईना, येणारी माणसं ठरलेली. खड्ड्याचा तळ आला १ लाख ४७ हजार, तोही पुढच्या ऑक्टोबरमध्ये. गाळा, भाडं, आचारी, थाळीचा दर सगळं तेच. फक्त महिना बदलला आणि ३ लाख ३२ हजार कमी लागले. ५८ आणि ६८ हे आकडेही शेवटी आमच्या मनातलेच, म्हणून मी ते दहा-दहाने कमी करून पाहिले. तळ दोन लाख बारा हजारांच्या घरात गेला. हातातल्या दोन लाखांत व्याजाच्या सवलतीचे साठ हजार मिळवले तर जेमतेम निभावण्यासारखं.

तो नाराज झाला. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त त्याच्या आईने काढला होता आणि पाहिलेला गाळा नऊ महिने कुणी रिकामा ठेवणार नव्हता. तो गेलाच. ऑगस्टमध्ये त्यांना दोन चौक पलीकडे दुसरा मिळाला, भाडं तेच. या वेळी सही करण्याआधी त्याने मालकाकडे दोन गोष्टी मागितल्या: गच्चीपर्यंत पाइप न्यायची सोसायटीची चिठ्ठी आणि कामाच्या दोन महिन्यांतल्या एका महिन्याचं भाडं माफ. चिठ्ठी मिळाली. भाडं अर्धंच माफ झालं. तोवर त्याने कॅप्टनची नोकरी सोडली नाही आणि तिने पतसंस्थेतली अजून सोडलेली नाही, त्यामुळे घरखर्चाचे २५ हजार गल्ल्यातून न काढता सध्या तिच्या पगारातून भागतात.

डिसेंबरात मी जेवायला गेलो तेव्हा गल्ल्यामागे भिंतीवरचं कॅलेंडर होतं. रोज रात्री ती प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्या दिवशी जेवलेली माणसं लिहिते. ३८, ४१, ६६, मग सोमवारचा रिकामा चौकोन. मी पुढच्या वर्षाची पानं चाळली. ऑगस्टच्या पानावर तिने पेन्सिलीने ५० लिहून ठेवलं होतं, त्याला गोल केला होता आणि शेजारी प्रश्नचिन्ह.